आधी बेरीज, मग भागाकार

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६ आणि मुंबई उपनगर जिल्ह्यात ८६०. हे तीन आकडे तक्त्यात एकाखाली एक दिसले आणि ‘तिन्ही जिल्हे मिळून लिंगगुणोत्तर किती?’ असा प्रश्न आला, की हात आपोआप वळतो तो एकाच रीतीकडे: तिन्हींची बेरीज करा, तीनने भागा. उत्तर येते १००६. आज हे काम बहुतेक ठिकाणी माणूस करत नाही. जिल्ह्यांचे आकडे एका फाइलीत येतात, एक प्रोग्रॅम त्यांची सरासरी काढतो, दुसरा तिचे वाक्य बनवतो आणि अहवालाच्या पहिल्या पानावर छापून येते की या तीन जिल्ह्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया किंचित जास्त आहेत. वाक्य शुद्ध आहे, बेरीज बरोबर आहे, भागाकारही बरोबर आहे. तरीही त्या तीन जिल्ह्यांत पुरुष स्त्रियांपेक्षा जवळपास सहा लाखांनी जास्त होते.

सहा लाख माणसे कुठे हरवली, हे समजून घेण्यासाठी मुळातल्या संख्यांकडे परत जावे लागते. रत्नागिरीत ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया. सिंधुदुर्गात ४,१७,३३२ पुरुष आणि ४,३२,३१९ स्त्रिया. मुंबई उपनगरात ५०,३१,३२३ पुरुष आणि ४३,२५,६३९ स्त्रिया. पहिल्या दोन जिल्ह्यांत मिळून स्त्रिया १,०७,८१४ने जास्त. तिसऱ्या एकट्या जिल्ह्यात पुरुष ७,०५,६८४ने जास्त. तिन्हींची बेरीज केली तर ६२,०९,७७६ पुरुषांमागे ५६,११,९०६ स्त्रिया, म्हणजे हजारी ९०४. १००६ आणि ९०४ यांच्यात शंभराहून अधिक अंकांचे अंतर आहे. ते अंतर किरकोळ चुकीतून आलेले नाही, कारण त्याने निष्कर्षाची दिशाच उलटवली आहे. तीनने भागताना सिंधुदुर्गातल्या साडेआठ लाख लोकांना आणि मुंबई उपनगरातल्या साडेत्र्याण्णव लाख लोकांना सारखेच वजन मिळाले. सिंधुदुर्गातला एक माणूस उपनगरातल्या अकरा माणसांएवढा मोजला गेला.

कोकणाच्या बाबतीत ही चूक विशेष बोचते, कारण इथले जिल्हे एकमेकांपासून सुटे नाहीत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले गुणोत्तर हजाराच्या वर जाते त्याचे एक मोठे कारण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेलेला चाकरमानी. तो गावच्या मोजणीतून वजा होतो आणि मुंबईच्या मोजणीत जमा होतो. (मुंबईतले जास्तीचे पुरुष अर्थातच एकट्या कोकणातून आलेले नाहीत, ते देशभरातून आलेले आहेत.) स्थलांतर जिथून माणसे नेते तो प्रदेश विरळ करते आणि जिथे नेते तो दाट करते. त्यामुळे जिथे गुणोत्तर उंच तिथे लोकसंख्या थोडी आणि जिथे गुणोत्तर खाली तिथे लोकसंख्या प्रचंड, असा उलटा संबंध आपोआप तयार होतो. सरासरीची सरासरी सर्वांत जास्त फसवते ती नेमकी अशा ठिकाणी: मोजायचे मूल्य आणि गटाचा आकार एकमेकांना बांधलेले असतील तिथे. दवाखान्यांतले मृत्युप्रमाण घ्या किंवा शाळांचे निकाल घ्या. अवघड रुग्ण मोठ्या रुग्णालयात जातात आणि दहा मुलांच्या वर्गाचा निकाल शंभर टक्के सहज लागतो. आकार आणि मूल्य यांचा संबंध नाही असा गट शोधणेच कठीण.

यावर नेहमीचे उत्तर असते, ‘मग भारित सरासरी घ्या.’ उत्तर बरोबर आहे, पण अर्धवट. कारण भार कशाचा, हे त्यात सांगितलेले नाही. बहुतेक जण लोकसंख्येचा भार देतात. वरच्या तीन जिल्ह्यांना एकूण लोकसंख्येचा भार देऊन पाहिले तर उत्तर ९०८ येते. ९०४ येत नाही. फरक चारचाच आहे, पण तो पूर्णांकनातून आलेला नाही. रीत चुकल्याने आलेला आहे. लिंगगुणोत्तराच्या छेदात पुरुष असतात, म्हणून भारही पुरुषांच्या संख्येचाच हवा. त्याऐवजी ‘एकूण लोकांत स्त्रियांचे प्रमाण’ हे माप घेतले असते, तर छेदात सगळी लोकसंख्या आली असती आणि तिचाच भार योग्य ठरला असता. प्रत्येक गुणोत्तराचा भार म्हणजे त्याचा स्वतःचा छेद. दर हेक्टरी उत्पादनाला हेक्टर, दरडोई उत्पन्नाला डोकी, मतदानाच्या टक्केवारीला नोंदलेले मतदार. भार वेगळा निवडायचा नसतोच. भागाकार करताना जो छेद आपण टाकून दिला तोच परत आणायचा असतो. मग तो टाकलाच कशाला, हा प्रश्न उरतो आणि या पुस्तकाचा सगळा विचार त्याच प्रश्नातून निघाला आहे.

भागाकार ही एकतर्फी वाट आहे. ११२२ या आकड्याकडे पाहून त्यामागे साडेसात लाख पुरुष होते की साडेसातशे, हे कोणीही सांगू शकत नाही. पूर्णांकनही तसेच. मुंबई उपनगराचे खरे गुणोत्तर ८५९.७ आहे, ते ८६० लिहिले आणि मग कोणी त्या ८६०ला पुरुषांच्या संख्येने गुणून स्त्रियांची संख्या परत काढू लागला, तर त्याला जनगणनेपेक्षा सुमारे १३०० स्त्रिया जास्त मिळतील. दोन्ही क्रियांमध्ये माहिती पुसली जाते आणि पुसलेली माहिती पुढच्या पायरीवर भरून काढता येत नाही. म्हणून सरासरीची सरासरी आणि पूर्णांकनाची चूक या मला दोन वेगळ्या चुका वाटत नाहीत. दोन्हींचे मूळ एकच आहे: जे काम शेवटी करायचे ते आधी उरकणे. तालुक्याचा अहवाल टक्केवारी काढून जिल्ह्याला जातो, जिल्हा त्या टक्केवारींची सरासरी काढून विभागाला पाठवतो, विभाग ती पूर्णांकात आणून राज्याला देतो. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाने किंवा प्रोग्रॅमने आपापले काम नीटच केलेले असते. तरीही वर पोहोचलेल्या आकड्याला तालुक्यातल्या माणसांशी जोडणारा धागा तुटलेला असतो.

यंत्राच्या भाषेत हा फरक एका ओळीचा आहे. पुढे दोन आज्ञा दिल्या आहेत. पहिली आपल्याला १००६ देते आणि दुसरी ९०३.७, म्हणजे छापताना ९०४.

```
SELECT AVG(linggunottar) FROM jilhe;
SELECT 1000.0 * SUM(striya) / SUM(purush) FROM jilhe;
```

दुसऱ्या ओळीतल्या `1000.0` या आकड्यातले टिंब आणि शून्य शोभेचे नाहीत. अनेक डेटाबेस दोन पूर्ण संख्यांचा भागाकार पूर्ण संख्येतच देतात आणि अपूर्णांक सरळ कापून टाकतात. टिंब नसेल तर तिथे उत्तर ९०३ येते. आणि तीच ओळ आधी भागाकार, मग हजाराने गुणाकार अशा क्रमाने लिहिली तर उत्तर शून्य येते. शून्य आले तर बरेच म्हणायचे, कारण ते लगेच नजरेत भरते. ९०३ मात्र कोणाच्याही नजरेत भरत नाही. पहिल्या ओळीतल्या `AVG`मध्ये आणखी एक मुकी सवय आहे: ज्या जिल्ह्याचा आकडा रिकामा आहे तो ती वगळते आणि उरलेल्यांच्या संख्येने भागते. दहा जिल्ह्यांपैकी तिघांची माहिती आलीच नसेल तर सातांची सरासरी दहांच्या नावाने छापली जाते. यावर इलाज म्हणजे बेरजेसोबत किती जिल्ह्यांची बेरीज झाली ती संख्याही त्याच ओळीत मागवणे आणि ती कमी भरली तर वाक्य बनूच न देणे.

ही चूक इतकी उघड असेल तर ती तपासणीत का सापडत नाही, असे कोणी विचारील. सापडत नाही, कारण पुष्कळदा ती बरोबर उत्तर देते. आपल्या तीन जिल्ह्यांच्या ९०४मध्ये तेव्हाचा अविभाजित ठाणे जिल्हा मिळवून पाहा. त्याचे गुणोत्तर ८८६ होते. ९०४ आणि ८८६ यांची साधी सरासरी ८९५. आता खऱ्या बेरजा करा: ठाण्यातले ५८,६५,०७८ पुरुष आणि ५१,९५,०७० स्त्रिया मिळवून गुणोत्तर काढले तरी उत्तर ८९५च येते. जुळण्याचे कारण एवढेच, की तीन जिल्ह्यांतले बासष्ट लाख पुरुष आणि ठाण्यातले साडेअठ्ठावन्न लाख पुरुष जवळपास सारखे भरले. तपासणाऱ्याने नेमकी हीच जोडी उचलली तर तो प्रोग्रॅमला बिनचूक ठरवील आणि तोच प्रोग्रॅम चारही जिल्हे सुटे घेऊन ९७६ देईल. म्हणून अशा प्रोग्रॅमची परीक्षा मुद्दाम विषम गटांवर घ्यावी: एक गट दहा लोकांचा, दुसरा दहा हजारांचा, दोन्हींची मूल्ये टोकाची. सारख्या आकाराच्या गटांवर घेतलेली परीक्षा काहीच सिद्ध करत नाही.

पूर्णांकनाबद्दल एक आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि तो पोकळ नाही. काही आकडे वर सरकतात, काही खाली. शेवटी सगळे एकमेकांना फेडतात, मग एवढी काळजी कशाला? आकडे जवळच्या अंकाकडे नेले जात असतील आणि ते कशाच्याही काठावर नसतील तर हे खरे आहे. पण यंत्रे पुष्कळदा अपूर्णांक जवळच्या अंकाकडे न नेता कापतात आणि कापणे नेहमी एकाच दिशेने असते. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२मध्ये १००० अंकांपासून एक निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि तिसऱ्या दशांश स्थळानंतरचे सगळे कापले जाई. दर वेळी सरासरी अर्धा सहस्रांश जाई; पण असे दिवसाला सुमारे तीन हजार वेळा होत होते, म्हणजे रोज दीड अंकाच्या आसपास गळती. बाजार वाईट नव्हता, तरी निर्देशांक झिजत झिजत नोव्हेंबर १९८३च्या अखेरीस ५२४.८११वर आला. चूक उमगल्यावर नव्याने हिशेब केला तेव्हा खरा आकडा १०९८.८९२ निघाला. गळतीचे मूळ कापण्यात होते, पण ती साचत गेली ती वेगळ्या कारणाने: नवा आकडा जुन्या कापलेल्या आकड्यावरून काढला जात होता. रोज एकदा जरी मूळ किमतींवरून तो नव्याने मांडला असता तरी गळती दीड अंकाच्या पुढे गेली नसती.

आकडे एकमेकांना फेडतात हा दिलासा काठावरही उपयोगी पडत नाही. ५ एप्रिल १९९२ रोजी उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात निवडणूक झाली. तिथे विधिमंडळात येण्यासाठी पक्षाला पाच टक्के मते लागतात. मतमोजणीच्या तक्त्यात ग्रीन पक्षापुढे ५.० छापून आले आणि पक्ष आत आला असे जाहीर झाले. खरी टक्केवारी ४.९७ होती, तक्ता एकच दशांश स्थळ छापत होता. ही गोष्ट उमगल्यावर पक्ष बाहेर गेला, जागांची वाटणी बदलली आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला एका जागेचे बहुमत मिळाले. इथे मोजणी चुकली नव्हती आणि एका दशांशाने छापणेही गैर नव्हते. वाचायला सोपा म्हणून केलेला आकडा निर्णय घ्यायला वापरला गेला, तिथे गफलत झाली. स्वयंचलित सारांशात ही गफलत सर्रास होते, कारण वाक्य बनवणारा भाग बहुधा छापील आकडाच वाचतो. गेल्या वर्षी १.४ टक्के आणि यंदा १.५ टक्के असेल, तर पूर्णांकात ते १ आणि २ होतात आणि तयार वाक्य म्हणते, ‘प्रमाण दुप्पट झाले.’ वाढ, घट, दुप्पट, निम्मे, सर्वाधिक, उंबरठ्याच्या वर किंवा खाली, हे सगळे शब्द कच्च्या आकड्यांवरून ठरले पाहिजेत. छापील आकडा फक्त त्यांच्या शेजारी उभा राहावा. टप्प्याटप्प्याने केलेल्या पूर्णांकनाचेही तसेच: २.४४९चे आधी २.४५, मग २.५, मग ३. थेट केले असते तर २.

याचा अर्थ वाचकापुढे दशांशांची रांग मांडावी असा मुळीच नाही. ९०३.७२ हा आकडा ९०४पेक्षा अधिक खरा नाही. जनगणनेतही माणसे निसटतात आणि दुबार मोजली जातात. शेवटचे दोन अंक त्या धुक्यात कधीच विरलेले असतात. वाचकाला गोळाबेरीज हवी असते आणि ती मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. माझा आग्रह इतकाच की गोळाबेरीज कागदावर व्हावी, साठवणीत होऊ नये. छापताना बिनधास्त ९०४ लिहा; फाइलीत मात्र ५६,११,९०६ आणि ६२,०९,७७६ ठेवा.

एक आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. सरासरीची सरासरी दर वेळी चूक नसते. प्रश्न माणसांचा नसून जिल्ह्यांचा असेल, म्हणजे ‘साधारण जिल्हा कसा आहे’ हे विचारायचे असेल, तर प्रत्येक जिल्हा एक मानून काढलेली सरासरी योग्यच आहे. जिल्हावार राबवलेल्या योजनेचा परिणाम पाहताना सिंधुदुर्ग आणि मुंबई उपनगर ही दोन सारख्या वजनाची उदाहरणे असू शकतात. हे मी मान्य करतो. पण मग वाक्याचा कर्ता बदलला पाहिजे. ‘तीन जिल्ह्यांच्या गुणोत्तरांची सरासरी १००६’ हे वाक्य खरे आहे. ‘तीन जिल्ह्यांत हजार पुरुषांमागे १००६ स्त्रिया आहेत’ हे खोटे आहे. प्रोग्रॅमला या दोन वाक्यांतला फरक कळत नाही. साचा लिहिणाऱ्या माणसाला कळला पाहिजे. शिवाय जिल्हे हाच विषय असेल तर मध्यक किंवा ‘८६० ते ११२२’ असा पल्ला बहुधा जास्त सांगून जातो. मध्यकाबाबत एक सावधगिरी मात्र हवी: तालुक्यांच्या मध्यकांवरून जिल्ह्याचा मध्यक कोणताही भार देऊन निघत नाही. तिथे मूळ नोंदींकडेच जावे लागते.

उरतो तो सर्वांत व्यावहारिक आक्षेप: छेद मिळालेच नाहीत तर? वरून नुसत्या टक्केवारीच आल्या, मूळ संख्या कोणी पाठवल्याच नाहीत. अशा वेळी एकत्रित आकडा देऊ नये, एवढेच प्रामाणिक उत्तर आहे. सुटे आकडे छापावेत, पल्ला सांगावा आणि एकत्रित आकडा का नाही ते एका ओळीत लिहावे. रिकामा चौकोन वाईट दिसतो हे खरे, पण चौकोनात १००६ भरला की तो पुढच्या दहा अहवालांत जातो आणि त्यातला एकही अहवाल मागे वळून पाहत नाही.

ज्याच्या हाती फक्त छापील सारांश आहे, त्यालाही ताळा पाहण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट अंदाजाची. एकत्रित आकडा नेहमी मोठ्या गटाकडे झुकलेला असतो. आपल्या तीन जिल्ह्यांतली दर पाचांतली जवळपास चार माणसे मुंबई उपनगरात राहतात. मग तिन्हींचे गुणोत्तर ८६०च्या जवळपास असायला हवे. ते तिथून दीडशे अंक दूर १००६वर बसलेले दिसले की पाटी-पेन्सिल न घेताही संशय यायला हवा. दुसरी वाट निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स या दोन संशोधकांनी मांडली. तिला ‘ग्रिम’ चाचणी म्हणतात. पंचवीस मुलांना पूर्ण अंकांत गुण दिले असतील तर त्यांची सरासरी ०.०४च्या पटीतच येऊ शकते: ३.४४ किंवा ३.४८. अहवालात ३.४७ छापले असेल तर पंचवीस मुलांचे कोणतेही गुण घेतले तरी ती सरासरी येणे शक्य नाही. एक तर मुले पंचवीस नव्हती, नाही तर गुण पूर्ण अंकांत नव्हते, नाही तर वाटेत कुठे तरी सरासरीची सरासरी किंवा दुहेरी पूर्णांकन झाले. ही चाचणी गट लहान असतानाच चालते. दोन दशांशांच्या आकड्यासाठी शंभराच्या पुढे तिची धार जाते, कारण मग प्रत्येक आकडा शक्यच असतो.

पुढच्या प्रकरणांतली उदाहरणे निरनिराळ्या खात्यांची असली तरी शेवटी छापायचे वाक्य सगळीकडे एकाच घडणीचे आहे. आपल्या तीन जिल्ह्यांसाठी ते असे होईल: ‘२०११च्या जनगणनेनुसार रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई उपनगर मिळून ६२,०९,७७६ पुरुषांमागे ५६,११,९०६ स्त्रिया, म्हणजे हजारी ९०४, जिल्हावार अनुक्रमे ११२२, १०३६ आणि ८६०.’ हे वाक्य नेहमीच्या वाक्यापेक्षा लांब आहे. पण उद्या कोणाला यात रायगड मिळवायचा असेल तर त्याला आमच्याकडे काही विचारायला यावे लागणार नाही. मिळवायच्या दोन्ही संख्या वाक्यातच आहेत.